पुट विकताना बाहेर पडायचं आधी ठरवा

निफ्टी वर जाईल असं वाटणं वेगळं आणि निफ्टी फार खाली जाणार नाही असं वाटणं वेगळं. पहिलं मत असलेला माणूस कॉल घेतो किंवा फ्यूचर घेतो, आणि त्याचं म्हणणं खरं ठरायला बाजाराला ठरलेल्या मुदतीत वर चालावं लागतं. दुसऱ्या मताला एवढं लागत नाही. बाजार वर गेला तरी चालतं, महिनाभर एकाच जागी घुटमळला तरी चालतं, थोडा खाली सरकला तरीही चालतं. फक्त एका पातळीखाली जाता कामा नये. या दुसऱ्या मतावर पैसे लावायची जी रीत आहे तिला बुल पुट स्प्रेड म्हणतात.

यात एकाच एक्स्पायरीचे दोन पुट असतात. वरच्या स्ट्राइकचा पुट विकायचा आणि खालच्या स्ट्राइकचा पुट विकत घ्यायचा. विकलेल्याचे जास्त पैसे येतात, घेतलेल्याला कमी जातात, आणि मधला फरक आपल्या खात्यात जमा होतो. पुट विकणारा एका अर्थी विमा कंपनी असतो: बाजार पडला तर भरपाई द्यायची जबाबदारी घेऊन तो हप्ता वसूल करतो. खालचा पुट घेऊन तो आपल्यावरचा बोजा एका मर्यादेपुढे दुसऱ्याच्या गळ्यात टाकतो. त्यामुळे जास्तीत जास्त नफा किती आणि जास्तीत जास्त तोटा किती, हे दोन्ही आकडे सौदा करायच्या आधीच कागदावर मांडता येतात.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे मी मांडलेले आहेत, पण ऑप्शनच्या किमती ज्या गणिताने निघतात त्याच गणिताने काढलेले आहेत. निफ्टी २५,००० वर आहे, एक्स्पायरीला ३० दिवस आहेत आणि इंडिया व्हिक्स १४ च्या आसपास आहे. चार्ट पाहिला तर गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा घसरण २४,४०० ते २४,४५० या पट्ट्यात थांबली आणि तिथून खरेदी आली. हा आपला सपोर्ट. आता ऑप्शन चेन उघडली की २४,३०० च्या पुटचा डेल्टा ०.२० दिसतो आणि भाव १२२ रुपये. २४,००० चा पुट ७७ ला आहे. पहिला विकला, दुसरा घेतला. हाती आले ४५ पॉइंट. निफ्टीचा लॉट २०२५ अखेर ७५ वरून ६५ वर आला, तेव्हा एका लॉटला २,९२५ रुपये. दोन स्ट्राइकमधलं अंतर ३०० पॉइंट, त्यातून ४५ वजा केले की २५५ उरतात; म्हणजे एका लॉटला जास्तीत जास्त तोटा १६,५७५ रुपये. एक्स्पायरीच्या दिवशी निफ्टी २४,२५५ वर बंद झाला तर ना नफा ना तोटा.

यात २४,३०० हाच स्ट्राइक का निवडला, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. बरेच जण फक्त डेल्टा पाहतात आणि बाकीचे फक्त चार्ट पाहतात. खरं तर दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

डेल्टाचा मूळ अर्थ निफ्टी एक पॉइंट हलला तर ऑप्शनचा भाव किती हलेल, हा. पण विकणाऱ्याच्या कामाचा दुसरा अर्थ असा की ०.२० डेल्टाचा पुट एक्स्पायरीला पैशात जाण्याची, म्हणजे निफ्टी त्या स्ट्राइकच्या खाली बंद होण्याची शक्यता बाजार साधारण २० टक्के धरतो आहे. हा अंदाज आजच्या भावातून निघालेला असतो, त्यात उरलेले दिवस आणि बाजारातली धास्ती दोन्ही मोजलेली असतात. म्हणून तो हलता असतो. व्हिक्स १४ ऐवजी २२ असता तर तोच ०.२० डेल्टा २४,३०० वर सापडला नसता, २३,९०० च्या जवळपास गेला असता. व्हिक्स ११ असता तर तो २४,५०० पाशी आला असता. बाजार शांत असतो तेव्हा डेल्टा आपल्याला आपसूक जवळचा स्ट्राइक विकायला लावतो, आणि पुष्कळ वेळा मोठी घसरण अशा शांततेनंतरच येते.

डेल्टाला चार्ट माहीत नसतो. खरेदीदार कुठे उभे राहिले होते हे तो सांगू शकत नाही. ते सपोर्ट सांगतो. सपोर्टला मात्र वेळ माहीत नसते. तो आठवड्यात तुटेल की तीन महिन्यांनी, याचा चार्टवर पत्ता नसतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी चार्टवर सपोर्टचा पट्टा आखायचा, मग त्या पट्ट्याच्या खाली असलेल्या स्ट्राइकमध्ये डेल्टा ०.२० किंवा त्याहून कमी कुठे आहे ते बघायचं. वरच्या उदाहरणात २४,३०० हा स्ट्राइक दोन्ही परीक्षांत पास झाला. व्हिक्स ११ असताना ०.२० डेल्टा २४,५०० ला आला असता. तो पट्ट्याच्या वर आहे. अशा वेळी २४,३०० ला गेलं तर प्रीमियम इतका कमी मिळतो की जोखीम घेण्यात अर्थ उरत नाही, आणि २४,५०० विकला तर सपोर्टला हात लागायच्या आधीच आपण अडचणीत. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही जुळत नसतील तर त्या महिन्यात सौदा करू नये.

सपोर्ट शोधताना आणखी एक सवय दिसते. ऑप्शन चेनमध्ये ज्या पुटला सगळ्यात जास्त ओपन इंटरेस्ट असेल तोच सपोर्ट मानायचा. तिथे मोठे विकणारे बसले आहेत, ते तो स्ट्राइक राखतील, असा त्यामागचा तर्क. पण बाजार जोरात पडला की हेच विकणारे आपले पुट परत घ्यायला धावतात, आणि त्यांच्या बचावाच्या विक्रीने घसरणीला उलट जोर मिळतो. ओपन इंटरेस्ट एका दिवसात दुसऱ्या स्ट्राइकवर सरकतो. चार्टवरचा पट्टा आणि ओपन इंटरेस्ट एकाच जागी येत असतील तर ठीक. नुसत्या ओपन इंटरेस्टवर स्ट्राइक ठरवू नये.

ऑर्डर टाकण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी खालचा पुट घ्यायचा आणि मग वरचा विकायचा. आधी विकला तर एक्स्चेंज त्याला उघडी विक्री समजून मोठं मार्जिन अडवतं. हेज आधीच खात्यात असेल तर मार्जिन त्याच्या थोड्याच भागावर येतं. बाहेर पडताना उलट: आधी विकलेला पुट परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. घाईत हा क्रम चुकला आणि हेज आधी निघून गेला, तर मधल्या काही क्षणांत मार्जिन अपुरं पडून दुसरी ऑर्डर अडकू शकते, आणि हातात नागडा विकलेला पुट राहतो. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, रोखीत निकाली निघतात. त्यामुळे मध्येच कोणी एक्सरसाइज करून आपल्याला पकडेल ही भीती इथे नाही.

सौदा झाल्यावर काय करायचं, हा यातला खरा विषय. आपल्या उदाहरणात समजा बारा दिवस गेले आणि निफ्टी थोडा वर, २५,१२० च्या आसपास आहे. २४,३०० चा पुट आता ४९ वर आला, २४,००० चा २७ वर. जो स्प्रेड ४५ ला विकला तो २२ ला परत घेता येतो. २३ पॉइंट नफा, एका लॉटला १,४९५ रुपये, म्हणजे शक्य त्या नफ्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. इथे थांबायचं की एक्स्पायरीपर्यंत बसून उरलेले २२ पॉइंटही घ्यायचे?

बहुतेकांचं मन म्हणतं, बसू. निफ्टी तर आपल्या स्ट्राइकपासून आठशे पॉइंट दूर आहे. पण आता सौदा नव्याने मांडून पाहा. उरलेला नफा २२ पॉइंट. उरलेला संभाव्य तोटा मात्र ३०० वजा २२, म्हणजे २७८ पॉइंट. सुरुवातीला ४५ मिळवायला २५५ पणाला लावले होते. आता २२ मिळवायला २७८. आणि अजून १८ दिवस आहेत. निम्मा नफा पाऊण वेळ जाण्याआधीच, बारा दिवसांत मिळाला. उरलेल्या निम्म्यासाठी त्याहून जास्त दिवस त्याच जोखमीत काढायचे. शिवाय एक्स्पायरी जवळ येते तसा डेल्टा अधिक उसळता होतो. शेवटच्या आठवड्यात निफ्टी स्ट्राइकजवळ आला तर दोन दिवसांत स्प्रेडची किंमत दहा पटीने वाढताना दिसते. म्हणून निम्मा नफा हाती आला की बाहेर पडणं हा नियम टिकून राहिला आहे. माझ्या मते ५० टक्के या आकड्यात जादू नाही; ४० किंवा ६० टक्के ठेवला तरी चालेल. मात्र तो सौदा करायच्या दिवशी ठरलेला असावा आणि परत खरेदीची लिमिट ऑर्डर त्याच दिवसापासून डोळ्यांसमोर असावी.

आता उलटी बाजू, आणि तिथे जास्त वेळ द्यायला हवा. समजा आठव्या दिवशीच निफ्टी २४,४५० ला आला आणि व्हिक्स १७ वर चढला. सपोर्ट अजून तुटलेला नाही, आपला स्ट्राइक दीडशे पॉइंट खाली सुरक्षित आहे. तरीही २४,३०० चा पुट जवळजवळ ३०० ला पोचलेला असतो, २४,००० चा २०३ च्या घरात, आणि स्प्रेडची किंमत ९६. विकला होता ४५ ला. डेल्टा ०.२० वरून ०.४० वर गेलेला. इथे नवा माणूस गांगरतो: मी तर अजून बरोबर आहे, मग एवढा तोटा कसा? कारण भाव उद्याच्या भीतीचा लागतो, आजच्या पातळीचा नाही.

याच ठिकाणी दोन प्रचलित नियम एकमेकांना छेद देतात. एक नियम सांगतो की स्प्रेडची किंमत मिळालेल्या प्रीमियमच्या दुप्पट झाली की बाहेर पडा. म्हणजे ९० ला. दुसरा सांगतो की सपोर्ट तुटेपर्यंत थांबा. पण आपल्या उदाहरणात ९० हा आकडा सपोर्ट शाबूत असतानाच लागतो. दुप्पटचा नियम पाळला तर बाजार सपोर्टला स्पर्श करून वर फिरायच्या आधीच आपण तोटा घेऊन बाहेर पडलेले असतो. म्हणजे सपोर्ट पाहून स्ट्राइक निवडल्याचा काहीच उपयोग झाला नाही. ज्याने स्ट्राइक सपोर्टवरून निवडला, त्याने बाहेर पडण्याचं ठिकाणही सपोर्टवरूनच ठरवावं, असं मला वाटतं: निफ्टी दिवसाअखेर २४,४०० च्या खाली बंद होतो आहे असं दिसलं की शेवटच्या काही मिनिटांत निघायचं. दिवसातल्या मधल्या डोकावण्याला निघायचं नाही. या नियमाने स्प्रेड साधारण १०५ ला परत घ्यावा लागेल, तोटा ६० पॉइंट, लॉटला ३,९०० रुपये.

मग हिशेब काय होतो? जिंकलो तर २३, हरलो तर ६०. दर शंभर सौद्यांत किमान ७३ जिंकले तरच बरोबरी. खर्च धरला तर याहूनही जास्त. स्प्रेडमध्ये आत येताना दोन आणि बाहेर पडताना दोन अशा चार ऑर्डर पडतात. प्रत्येकी २० रुपये ब्रोकरेज, त्यावर जीएसटी, विक्रीच्या बाजूला एसटीटी, एक्स्चेंजचे शुल्क, आणि खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकात प्रत्येक वेळी सुटणारा अर्धा-एक पॉइंट. सगळं मिळून एका लॉटला अडीचशे रुपये सहज जातात. १,४९५ मधून अडीचशे गेले तर परवडतं. पण भांडवल कमी म्हणून जो ३०० ऐवजी १०० पॉइंटचा स्प्रेड करतो, म्हणजे २४,३०० विकून २४,२०० घेतो, त्याला सुमारे १८ पॉइंट मिळतात, निम्म्या नफ्याचे ५८५ रुपये होतात, आणि त्यातला जवळजवळ निम्मा खर्चात संपतो. अरुंद स्प्रेड सुरक्षित दिसतो, पण त्याचा नफा खर्चच खाऊन टाकतो.

‘सत्तर-ऐंशी टक्के वेळा जिंकतो’ हे वाक्य ऐकून पुष्कळ जण या पद्धतीकडे येतात. ते वाक्य खोटं नाही, अपुरं आहे. ०.२० डेल्टाचा पुट एक्स्पायरीला पैशात जाण्याची शक्यता २० टक्के असली, तरी महिन्याभरात कधी ना कधी निफ्टी त्या स्ट्राइकला येऊन भिडण्याची शक्यता ढोबळमानाने दुप्पट, म्हणजे ४० टक्क्यांच्या आसपास असते. पाचातल्या दोन सौद्यांत माणसाची परीक्षा होते. आणि ऑप्शनचे भाव नीट लागलेले असतील तर ऐंशी टक्के छोटे नफे आणि वीस टक्के मोठे तोटे यांची बेरीज शून्याजवळच येते. विकणाऱ्याला काही उरतं ते केवळ एवढ्यामुळे की लोक संरक्षणासाठी गरजेपेक्षा थोडी जास्त किंमत मोजतात. व्हिक्स जेवढी हालचाल वर्तवतो तेवढी बहुतेक वेळा प्रत्यक्षात होत नाही. बहुतेक वेळा होत नाही, पण होते तेव्हा दणकून होते.

दोन तारखा समोर ठेवण्यासारख्या आहेत. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या उत्साहात निफ्टी २३,२६३ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल लागले आणि तो २१,८८४ वर बंद झाला, मधल्या काळात २१,२८१ पर्यंत जाऊन आला. ही निदान आधी माहीत असलेली तारीख होती. निकाल, अर्थसंकल्प अशा दिवसांवरून स्प्रेड ओढून नेऊ नये, हा धडा त्यात सरळ आहे.

दुसरी तारीख ७ एप्रिल २०२५. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धक्क्याने जगभरचे बाजार कोसळले. शुक्रवारी ४ एप्रिलला निफ्टी २२,९०४ वर बंद होता. सोमवारी तो थेट २१,७५८ ला उघडला. ज्याने शुक्रवारी २२,३०० चा पुट विकून २२,००० चा घेतला असेल, त्याच्या दोन्ही स्ट्राइकांच्या खाली बाजार उघडला. सपोर्ट तुटल्यावर बंद भावाला निघायचं, दुप्पट झाल्यावर निघायचं, या सगळ्या नियमांना त्या सकाळी काही अर्थच उरला नव्हता, कारण मधले भाव मिळालेच नाहीत. व्हिक्स एका दिवसात १४ च्या खालून २२ च्या पुढे गेला. अशा सकाळी एकच गोष्ट आपल्या बाजूने उभी असते: खाली घेतलेला पुट. नुसता पुट विकणाऱ्याला तळ कुठे हे माहीत नव्हतं. स्प्रेडवाल्याला आपला सगळ्यात मोठा तोटा माहीत होता.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ९ एप्रिलच्या साप्ताहिक एक्स्पायरीला निफ्टी २२,३९९ वर बंद झाला आणि २४ एप्रिलच्या मासिक एक्स्पायरीपर्यंत तो २४,२०० च्या वर पोचला होता. जो घाबरला नाही त्याला त्या २२,३०० च्या पुटचा पूर्ण प्रीमियम मिळाला असता. यावरून ‘थांबलं की परत येतं’ असा निष्कर्ष काढणं फार धोक्याचं आहे. २०२० मध्ये फेब्रुवारीअखेर निफ्टी ११,२०० वर होता. तेव्हाही पडझड झाल्यावर थांबणारे थांबले, आणि २३ मार्चला तो ७,६१० वर बंद झाला. पहिल्या दिवशी दोन्ही घसरणी सारख्याच दिसतात. म्हणून तोट्यातला स्प्रेड पुढच्या महिन्यात ढकलणं, किंवा मागचा तोटा भरून काढायला दुप्पट लॉट विकणं, ही दोन कामं मी कोणालाही सुचवणार नाही. या पद्धतीत खाती रिकामी होतात ती बहुधा स्प्रेडमुळे नव्हे, तोट्यानंतर वाढवलेल्या लॉटमुळे.

साप्ताहिक एक्स्पायरीबद्दल थोडंच सांगतो. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी असते. आठवड्याच्या ऑप्शनमध्ये ०.२० डेल्टाचा स्ट्राइक निफ्टीच्या इतका जवळ असतो की एका वाईट सकाळीत तो पार होतो, आणि निम्म्या नफ्यावर निघायला पुरेसे दिवसच नसतात. एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर सेबीने दोन टक्के जादा मार्जिनही लावलेलं आहे. शिकणाऱ्याने मासिक एक्स्पायरीतच राहावं, आणि शेवटचा आठवडा सुरू होण्याआधी नफा असो वा नसो, मोकळं व्हावं.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तिगत ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचं दिसलं, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे होता. बुल पुट स्प्रेड करणारे या गर्दीच्या बाहेरचे नाहीत. ज्यांना ही पद्धत करून पाहायची आहे त्यांनी आधी सहा महिने कागदावर सौदे मांडावेत: सपोर्टचा पट्टा, डेल्टा, मिळालेला प्रीमियम, निघण्याच्या दोन्ही जागा, आणि खर्चासकट निकाल. त्यानंतर फक्त एक लॉट. एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांहून जास्त घालवायचं नाही असं ठरवलं, तर वरच्या उदाहरणातल्या १६,५७५ रुपयांच्या तोट्यासाठी खात्यात सुमारे ८.३ लाख रुपये हवेत. तेवढे नसतील तर हा सौदा सध्या आपला नाही.